कागद जुना, रंग हाताने भरलेले, तरीही प्रतिकृती: छापील जुन्या नकाशांच्या तपासणीतला नेहमीचा पेच

जुन्या नकाशांच्या तपासणीत एक अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. कागद उजेडासमोर धरला की तारांच्या रेघा दिसतात, रंग ब्रशने भरले आहेत हे उघड असते, चौकटीभोवती पत्र्याचा ठसाही उठलेला असतो, आणि एवढे सगळे असूनही तो नकाशा सतराव्या शतकातला नसून पुष्कळ नंतर काढलेली प्रतिकृती आहे असा निष्कर्ष निघतो. याच्या उलटही घडते. खरी जुनी प्रत सपाट, धुतलेली आणि नव्याने रंगवलेली दिसते म्हणून तिला नकली ठरवून बाजूला टाकले जाते. दोन्ही चुकांचे मूळ बहुधा एकच असते: तपासणीचा क्रम चुकलेला असतो. बहुतेक लोक आधी कागद पाहतात, मग रंग पाहतात आणि रेघ शेवटी, तीही वरवर पाहतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. जुना कागद मिळवता येतो आणि रंग कोणत्याही काळात भरता येतो. मात्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेली रेघ छायाचित्राच्या मार्गाने हुबेहूब उतरत नाही.

येथे विचार फक्त तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या नकाशांचा आहे. असे कोरीव नकाशे असलेला पहिला ॲटलास १४७७ मध्ये बोलोन्यात छापला गेला. १५७० मध्ये अँटवर्पमध्ये ऑर्टेलियसचा ॲटलास निघाला, त्यानंतर हीच पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत प्रमुख राहिली. लाकडी ठशांवरून छापलेल्या नकाशांना पुढील कसोट्या तशाच्या तशा लागू पडत नाहीत, कारण तिथे शाई उंचवट्यावरून कागदावर येते.

रेघेपासून सुरुवात

तपासणीआधी ही रेघ कशी तयार होते ते लक्षात घ्यावे. कोरणारा कारागीर टोकदार कोरणी तांब्यात ढकलत नेतो. कोरणी आत शिरताना चर उथळ आणि अरुंद असतो, हाताचा जोर वाढला की तो खोल आणि रुंद होतो, आणि कोरणी बाहेर काढताना पुन्हा निमुळता होत संपतो. छपाईच्या वेळी शाई या चरांत भरली जाते, पत्र्याचा पृष्ठभाग पुसून स्वच्छ केला जातो, वर ओलसर कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून मोठ्या दाबाने नेला जातो. कागद चरांत घुसतो आणि तिथली शाई उचलून आणतो. त्यामुळे खऱ्या कोरीव रेघेची टोके सुईसारखी निमुळती असतात, तिच्यातली शाई कागदावर किंचित उंच उभी असते, आणि जिथे रेघ जाड असते तिथे शाईचा उंचवटाही अधिक असतो. जाडी आणि उंची यांचा हा संबंध सर्वांत महत्त्वाचा आहे.

शिळाछाप आणि ऑफसेट या पद्धतींत असे काही घडत नाही. तिथे शाईचा एकसारखा पातळ थर सपाट पृष्ठभागावरून कागदावर येतो. रेघ जाड असो वा बारीक, शाईची उंची तेवढीच राहते, म्हणजे जवळजवळ शून्य. रेघेची टोकेही निमुळती न होता बोथट होतात किंवा तुटतात.

हे पाहण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक छोटा टॉर्च पुरतो. टॉर्च वरून न धरता कागदाच्या जवळजवळ समांतर, बाजूने धरावा. मग नकाशावरच्या चार जागा पाहाव्यात: शीर्षकाभोवतीच्या नक्षीतल्या दाट समांतर रेघा, डोंगरांची छाया, चौकटीतली अंशांची पट्टी, आणि मोठ्या अक्षरांना जोडणाऱ्या केसाएवढ्या रेघा. किनारपट्टीची रेघ मात्र या कामी फारशी उपयोगी नाही, कारण ती सर्वत्र साधारण एकाच जाडीची असते. नक्षीतल्या जाड रेघांवर तिरक्या उजेडात शाईची लहानशी सावली पडत असेल आणि पातळ रेघांवर ती विरत जात असेल, तर तो नकाशा खोदीव पत्र्यावरून छापलेला असण्याची शक्यता फार वाढते.

दाट रेघांच्या जागी प्रतिकृतीतली आणखी एक उणीव दिसते. छायाचित्रावरून ठसा बनवताना शेजारशेजारच्या रेघांमधली पांढरी जागा भरून जाते, तर अतिशय बारीक रेघा मधेच तुटतात किंवा नाहीशा होतात. कोरणारा कारागीर अक्षरे सरळ यावीत म्हणून पत्र्यावर फार हलक्या आडव्या रेघा ओढून घेत असे. मूळ छाप ताजी असेल तर या मार्गदर्शक रेघा अक्षरांच्या वर-खाली भिंगातून दिसतात. प्रतिकृतीत त्या बहुधा गळालेल्या असतात किंवा तुटक ठिपक्यांसारख्या उरतात. मला स्वतःला ही खूण विशेष भरवशाची वाटते, कारण नक्कल करणाऱ्याचे तिच्याकडे लक्षच जात नाही.

ठिपके नाहीत, म्हणून मूळ?

भिंगाखाली निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके फुलासारख्या मांडणीत दिसले, तर प्रश्न तिथेच संपतो. ती रंगीत छपाईची जाळी आहे. इंकजेटवर काढलेल्या प्रतीत मांडणी नसते, पण अतिशय बारीक विखुरलेले रंगकण रेघेच्या कडेला सांडलेले दिसतात. येथपर्यंत कोणीही चुकत नाही. ठिपके दिसले नाहीत की लगेच नकाशा मूळ मानला जातो, खरी चूक तिथे होते.

फक्त काळ्या रेघांचे छायाचित्र घेऊन शिळेवर किंवा जस्ताच्या पत्र्यावर उतरवले, तर ठिपक्यांची गरजच पडत नाही. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेने १८६० च्या सुमारास जस्ताच्या पत्र्यावर छायाचित्र उतरवून जुन्या दस्तऐवजांच्या प्रतिकृती काढायला सुरुवात केली होती. म्हणजे काही प्रतिकृती स्वतःच दीडशे वर्षांहून जुन्या आहेत. त्यांचा कागद खरोखरच पिवळा पडलेला असतो, कडा खरोखरच ठिसूळ झालेल्या असतात, आणि त्यात कोणाची लबाडीही नसते. जिलेटिनच्या थरावरून छापण्याच्या कोलोटाइप पद्धतीतही जाळीचे ठिपके नसतात; वीस-तीसपट मोठे करून पाहिले तर सुरकुत्यांसारखा बारीक वळणावळणाचा कण दिसतो. दहापट भिंगात तो अनेकदा निसटतो, म्हणून शंका असल्यास अधिक शक्तीचे भिंग घ्यावे.

आणखी एक उपयुक्त कसोटी डागांची आहे. छायाचित्र घेताना मूळ प्रतीवरचे डाग, घडी, फाटलेल्या जागा या सगळ्यांचीही छबी येते. त्यामुळे नकाशावरचा डाग भिंगाखाली पाहावा आणि मग कागद उलटून त्याच जागी पाठीमागे पाहावे. पाण्याचा खरा डाग तंतूंमध्ये शिरलेला असतो आणि मागे काही ना काही खूण ठेवतो. छापलेला डाग शाईचा असतो आणि मागची बाजू कोरी राहते. मधल्या घडीजवळ काळसर रेघ असेल पण बोटाला घडी लागत नसेल, तर ती दुसऱ्याच कागदाची घडी आहे. या तत्त्वाचा सर्वांत गाजलेला दाखला २०१७ मधला आहे. नकाशाकार वाल्डझेम्युलरच्या १५०७ च्या पृथ्वीगोलासाठी छापलेल्या पट्ट्यांची एक प्रत ख्रिस्टीज या लिलावसंस्थेने विक्रीस ठेवली होती. मिनेसोटा विद्यापीठाच्या जेम्स फोर्ड बेल ग्रंथालयातल्या प्रतीवर असलेल्या एका दोषाची छबी त्या प्रतीतही छापली गेल्याचे जाणकारांच्या ध्यानात आले आणि लिलाव मागे घेण्यात आला. त्या पट्ट्या लाकडी ठशाच्या होत्या, तरी धडा येथेही लागू पडतो: दोन वेगळ्या कागदांवर एकच अपघात सारखाच घडू शकत नाही.

कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही

साधारण १८०० पूर्वीचे नकाशे चिंध्यांच्या लगद्यापासून साच्यात हाताने उचललेल्या कागदावर छापलेले आहेत. साच्यातल्या, एकमेकींच्या अगदी जवळ बसवलेल्या बारीक तारांच्या रेघा आणि त्यांना आडव्या जाणाऱ्या, साधारण २५ मिलिमीटर अंतरावरच्या साखळीरेघा उजेडासमोर दिसतात. गुळगुळीत विणलेल्या जाळीच्या साच्यावरचा, रेघा नसलेला कागद युरोपात १७५० च्या दशकात आला, म्हणून १६४० सालच्या म्हटल्या जाणाऱ्या नकाशाला तो कागद असूच शकत नाही. पण याचा व्यत्यास खरा नाही. एकोणिसाव्या शतकातच यंत्राच्या कागदावर रुळाने अशाच रेघा आणि जलचिन्हे उमटवायला सुरुवात झाली, आणि तसा कागद आजही मिळतो. रेघा आहेत एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही.

त्याऐवजी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे साखळीरेघांच्या दोन्ही अंगांना असणारी सावली. जुन्या साच्यात या तारा खालच्या लाकडी पट्ट्यांना थेट बांधलेल्या असत, त्यामुळे पट्टीजवळ लगदा थोडा अधिक साचे आणि उजेडासमोर धरलेल्या कागदात प्रत्येक साखळीरेघेभोवती अंधुक गडद पट्टा दिसतो. यंत्रावर उमटवलेल्या रेघांना असा पट्टा नसतो. त्या स्वच्छ, सारख्या आणि निर्जीव वाटतात. दुसरी गोष्ट दिशेची. साखळीरेघा मूळ तावाच्या आखूड बाजूला समांतर असतात. ॲटलासमधला दोन पानी नकाशा बहुधा पूर्ण तावावर छापून मध्ये घडी घातलेला असतो, म्हणून त्या रेघा मधल्या घडीला समांतर, म्हणजे उभ्या असायला हव्यात. त्या आडव्या असतील तर नकाशा लगेच नकली ठरत नाही, पण त्याचे कारण शोधलेच पाहिजे.

अतिनील टॉर्चचा उपयोग मर्यादित आहे. साधारण १९५० नंतर कागदात शुभ्रता वाढवणारी रसायने घातली जाऊ लागली आणि ती अंधारात निळसर पांढरी चमकतात. संपूर्ण ताव असा चमकला तर तो आधुनिक कागद आहे. न चमकला तर मात्र काहीच कळत नाही, कारण १९५० पूर्वीच्या प्रतिकृती आणि आजचे काही चांगले कागदही चमकत नाहीत. आणि कागद निर्विवाद जुना ठरला तरी छाप जुनी ठरत नाही. जुन्या पुस्तकांतली कोरी पाने कापून वापरता येतात. येल विद्यापीठाकडचा, पंधराव्या शतकातला म्हणून गाजलेला व्हिनलँड नकाशा हाताने काढलेला असला तरी बोध तोच देतो: त्याचे चर्मपत्र पंधराव्या शतकातले आहे, पण शाईत आधुनिक टायटॅनियमयुक्त रंगद्रव्य सापडले, आणि २०२१ मध्ये विद्यापीठाने तो बनावट असल्याचे जाहीर केले.

रंग: दोन प्रश्न एकमेकांत मिसळू नयेत

रंग तपासताना ‘नकाशा मूळ आहे का’ आणि ‘रंग त्याच काळातला आहे का’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. अस्सल नकाशावर विसाव्या शतकात भरलेला रंग सर्रास आढळतो, आणि प्रतिकृतीवर हाताने भरलेला रंगही तितकाच सर्रास आढळतो. ब्रशचा फटकारा दिसला, रंगाच्या कडेला गडद किनार जमली, सीमारेषेबाहेर थोडा रंग गेला, या खुणा रंग हाताने भरला एवढेच सांगतात.

काळाबद्दल खरोखर काही सांगणारा रंग म्हणजे जंगाल, तांब्यापासून केलेला हिरवा. सोळाव्या-सतराव्या शतकांत जंगले, किनारे आणि सीमा रंगवायला तो भरपूर वापरला जाई. तांब्याचे हे क्षार कागदाला हळूहळू जाळतात. त्यामुळे हिरवा जिथे दाट असेल तिथे पाठीमागे तपकिरी रंग उतरलेला दिसतो, फार दाट असेल तर कागद तडकतो, आणि ॲटलास मिटलेला राहिल्याने समोरच्या अर्ध्यावर त्याची फिकट तपकिरी छायाही उमटते. मागच्या बाजूला हा तपकिरी आकार पुढच्या हिरव्याशी तंतोतंत जुळतो का ते पाहावे. जुळत असेल तर रंग बराच जुना आहे, आणि त्याबरोबर कागदही. मागे तपकिरीऐवजी हिरवाच झिरपलेला दिसला, तर बहुधा धुतल्यामुळे सरस निघून गेलेल्या कागदावर रंग नंतर चढवला आहे. रंग घडीच्या भेगेत, फाटलेल्या कडेवर किंवा डागडुजीच्या चिकटपट्टीवर चढला असेल, तरीही तोच निष्कर्ष. १६४० च्या नकाशावर प्रशियन निळा सापडला तर रंग किमान सहा-सात दशके नंतरचा आहे, कारण ते रंगद्रव्य अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात तयार झाले. पण नुसत्या डोळ्यांनी निळ्याची जात ठरवू नये; ते प्रयोगशाळेचे काम आहे.

एक नकाशा, पायरीपायरीने

समजा, ब्लाऊ यांचा ‘माग्नी मोगोलिस इंपेरियम’ हा मोगल साम्राज्याचा नकाशा आपल्यासमोर आहे. तो प्रथम १६३० च्या दशकाच्या अखेरीस निघाला आणि पुढे ब्लाऊ यांच्या ॲटलासांत येत राहिला. नकाशा चौकटीत आहे, रंगीत आहे, कागद मळकट पिवळा आहे आणि काचेतून पत्र्याचा ठसाही दिसतो. पहिली पायरी म्हणजे तो चौकटीतून बाहेर काढणे. काचेतून दिलेला निर्णय मी निर्णय मानत नाही, कारण पाठीमागची बाजू, तिरका उजेड आणि बोटाचा स्पर्श या तिन्ही गोष्टी काचेआड राहतात.

मोजमाप घेतले तर नकाशाची छापील चौकट सुमारे ३५.५ बाय ४८ सेंटिमीटर भरते. मूळ छापेत ती साधारण ३७ बाय ५० सेंटिमीटर असते. ओला कागद सुकताना आकसतो, म्हणून दोन अस्सल प्रतींत काही मिलिमीटरचा फरक सहज असतो. पण कागद दोन्ही दिशांना सारखा आकसत नाही. येथे लांबी आणि रुंदी दोन्ही बरोबर चार टक्क्यांनी कमी आहेत. ही घट छायाचित्र लहान केल्याची वाटते. तरीही येथे थांबू नये.

भिंगाखाली ठिपके नाहीत आणि काळी शाई सलग आहे. मात्र शीर्षकाच्या नक्षीतल्या रेघांची टोके बोथट आहेत, दोन-तीन जागी रेघांमधली पांढरी फट भरून गेली आहे, आणि तिरक्या उजेडात जाड रेघेवरही सावली पडत नाही. अक्षरांच्या मार्गदर्शक रेघा कुठेच नाहीत. आता पत्र्याचा ठसा पाहू. अस्सल ठशाच्या आतला कागद तांब्याच्या पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर दाबला गेल्याने बाहेरच्या समासापेक्षा नितळ असतो, त्याच्या कडा किंचित वाकड्या असतात आणि कडेला न पुसलेल्या शाईचे पुसट डाग सापडतात. या नकाशात ठशाच्या आतला आणि बाहेरचा पोत एकसारखा आहे आणि चारही कोन काटेकोर आहेत. हा ठसा छपाईनंतर कोरडा दाबून उठवलेला आहे.

कागदात साखळीरेघा आहेत, पण त्या आडव्या आहेत आणि त्यांच्याभोवती सावली नाही. पिवळेपणा मध्यभागी आणि कडांना सारखाच आहे, शिवाय एका फाटक्या कडेच्या आतला गाभा पृष्ठभागापेक्षा बराच पांढरा आहे, म्हणजे रंगछटा वरून दिलेली आहे. अतिनील उजेडात ताव चमकत नाही, ज्यातून कोणताच निष्कर्ष निघत नाही. रंग खरोखर ब्रशने भरलेले आहेत, हिरवाही दाट आहे, तरी पाठीमागे तपकिरीचा मागमूस नाही. पाठ कोरी आहे. ॲटलासातल्या प्रतींच्या मागे बहुधा मजकूर असतो, पण नकाशे सुटेही विकले जात असल्याने कोरी पाठ हा पुरावा मी मोजत नाही.

निदान असे होते: छायाचित्रावरून सपाट पद्धतीने छापलेली, हाताने रंगवलेली आणि जुनी दिसावी म्हणून रंगछटा दिलेली प्रतिकृती. निर्णायक पुरावा रेघेचा आहे. मोजमाप आणि खोटा ठसा त्याला दुजोरा देतात, तर कागद आणि रंग यांच्यावरून एकट्याने हे ठरवता आले नसते.

खरी प्रत नकली वाटते तेव्हा

ठसा दिसत नाही, म्हणून नकाशा टाकून देऊ नये. मागे कापड किंवा कागद लावून दाबलेल्या, धुऊन इस्त्रीसारख्या सपाट केलेल्या प्रतींतून ठसा आणि शाईचा उंचवटा दोन्ही बरेच कमी होतात. समास कापलेला असेल तर ठसा कापलेल्या भागाबरोबर जातो. अशा वेळी रेघांची निमुळती टोके आणि दाट रेघांमधली स्वच्छ फट यांवर भिस्त ठेवावी, कारण दाबल्याने रेघेचा आकार बदलत नाही. पाठीमागे मजकूर असेल तर तोही भिंगाखाली पाहावा: खिळ्यांच्या छपाईत अक्षर कागदात रुतलेले असते आणि त्याच्या कडेला शाईची दाट किनार दिसते.

फिकट, अशक्त रेघाही प्रतिकृतीची खूण नसतात. तांबे मऊ असते आणि शेकडो छापांनंतर चर झिजतात. जॉन स्पीड यांच्या इंग्लंडमधल्या परगण्यांच्या नकाशांचे पत्रे १६११-१२ च्या प्रकाशनानंतर सुमारे १७७० पर्यंत वापरात होते. उशिराच्या छापांत बारीक रेघा गेलेल्या, जाड रेघा पुन्हा कोरलेल्या आणि प्रकाशकाचे नाव बदललेले दिसते. त्या उशिराच्या पण अस्सल छापा आहेत. ओळखायचे कसे, तर उरलेल्या रेघा फिकट असूनही निमुळत्या राहतात. प्रतिकृतीत त्या तुटतात.

वरच्या पद्धतीला खरोखर अडवणारा प्रकार फोटोग्राव्हूरचा आहे. तिथे छायाचित्र तांब्यावर उतरवून आम्लाने खोदले जाते, म्हणून शाईला थोडा उंचवटा असतो आणि पत्र्याचा ठसाही खरा असतो. तीसपट भिंगात अशा रेघेच्या आत बारीक कण दिसतात, कडा कोरणीच्या कापासारख्या धारदार नसतात, आणि जाड व पातळ रेघांच्या उंचीत अपेक्षित फरक आढळत नाही. एवढे पाहूनही शंका राहिली, तर त्याच नकाशाची एखाद्या ग्रंथालयातली सिद्ध प्रत शेजारी ठेवून एकच कोपरा, एकच शब्द आणि एकच डोंगर दोन्हींत भिंगाखाली ताडून पाहावा. ते शक्य नसेल, तर त्या प्रतीच्या उच्च दर्जाच्या स्कॅनमधल्या त्याच जागा मोठ्या करून पाहाव्यात आणि प्रत्येक केसरेघ कुठे सुरू होते व कुठे संपते ते जुळवावे.